‘थंड’ला जोडी ‘दंड’ची

*ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची, सी.ए. फर्ममध्ये नोकरी, राहते पुण्यात. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी एका वाचनालयात आम्ही आठ-दहा जण कविता वाचायला जमतो. तिथला एक जण मला फार आवडतो. त्याला कवितेचं भयंकर वेड आहे. वाचायला लागला की समोरचा चहा गार होऊन त्यावर साय धरते, तरी त्याचं लक्ष नसतं. दोन महिन्यांपूर्वी त्याने मला स्वतःचा एक जुना संग्रह वाचायला दिला (आत खूण म्हणून बसचं तिकीट होतं), तो मी अजून परत केलेला नाही. मला त्याला एक चार ओळींचा, जरा गमतीदार, यमकातला मेसेज पाठवायचाय. मला लिहिता येत नाही, म्हणून नेटवरून ही घेतली:*

*तू माझ्या मनाच्या आकाशातला चंद्र,*
*मी तुझ्या चांदण्यात न्हाऊन निघणारी रात्र,*
*तुझ्याविना प्रत्येक क्षण अधुरा वाटतो,*
*तुझ्या आठवणीत मी रोज रोज जागतो.*

*मी ‘जागतो’चं ‘जागते’ केलं, तर यमकच गेलं. काय करू?*

*— हिशेबनीस, पुणे*

---

अगं हिशेबनीस,

त्या यमकाने तुला वाचवलं. ‘जागतो’ तसंच ठेवून पाठवलं असतंस, तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं की ही ओळ कुण्या मुलाने कुण्या मुलीसाठी लिहिली होती आणि ती फिरत फिरत तुझ्यापर्यंत आली. मराठी क्रियापद असं चहाडी करतं.

पण ते सोड. तू हिशेबाची माणूस आहेस, तर आधी हिशेबच मांडू. अक्षरं मोज. जोडाक्षर एकच धरायचं, अनुस्वार वेगळा मोजायचा नाही. पहिल्या ओळीत १३ अक्षरं आहेत, दुसरीत १६, तिसरीत १५ आणि चौथीत १५. कविता वाचणाऱ्याचे कान बोटं न लावता हे मोजतात. पहिल्या ओळीने जो ठेका दिला, तो दुसरीत तीन अक्षरांनी लांबला की त्याला जिन्यावर एक पायरी जास्त आल्यासारखं होतं. शिवाय ‘चंद्र’ आणि ‘रात्र’ यांचं यमक कागदावर दिसतं, कानाला नाही. दोन्हीकडे शेवटी ‘र’ लटकलेला आहे एवढंच. आणि ‘अधुरा’ हा हिंदीतून आलेला पाहुणा. आपल्याकडे ‘अपुरं’ असतं.

हे सगळं दुरुस्त करता येईलही. पण चंद्राचं काय करशील? तो त्याने हजार कवितांत पाहिलाय. तुझ्या पत्रात मात्र तीन गोष्टी अशा आहेत, ज्या दुसऱ्या कुणाच्या चारोळीत असूच शकत नाहीत: न परतवलेलं पुस्तक, गार झालेला चहा आणि ते बसचं तिकीट. तू लिहितेस की तुला लिहिता येत नाही, आणि त्याच पत्रात चहावरची साय टिपतेस. म्हणजे माल तुझ्याकडे आहे, फक्त मापात भरायचाय.

माप मी तुला अष्टाक्षरीचं देते. दर ओळीला आठ अक्षरं, शक्यतो चार-चारच्या दोन तुकड्यांत. ऱ्हस्व-दीर्घाच्या मात्रा मोजायच्या नाहीत, गण पाडायचे नाहीत, फक्त आठ. जात्यावरच्या ओव्या आणि अभंग याच अक्षरं मोजायच्या घराण्यातले, त्यामुळे हा ठेका तुझ्या कानात आहेच, तुला ठाऊक नसलं तरी. टेबलावर बोटाने चार-चार ठोके देत म्हणून बघ. आणखी एक फायदा अगदीच व्यवहारी आहे: आठ अक्षरांची ओळ फोनच्या पडद्यावर मधेच मोडून खाली घसरत नाही. तुझी सोळा अक्षरांची ओळ मोठा टाईप ठेवणाऱ्याच्या फोनवर दोन ओळींची होते, आणि मग चारोळीची पाचओळी.

आता कच्चा खर्डा. मी तुझा माल घेऊन बसले, तेव्हा पहिल्यांदा हे आलं:

तुझं पुस्तक वाचलं,
परतही करणार;
उशिराच्या दंडापोटी
चहा तुला पाजणार.

अक्षरं मोज, आठ-आठ-आठ-आठ. हिशेब जुळला. तरी ही चारोळी पडेल आहे, आणि का ते नीट बघ, कारण तुझ्या हातूनही पहिल्या बैठकीत असंच काहीतरी येणार आहे.

‘करणार’ आणि ‘पाजणार’ हे यमक फुकटचं आहे. ‘णार’ हा प्रत्यय. तो मराठीतल्या कुठल्याही क्रियापदाला लागतो: येणार, जाणार, खाणार, झोपणार. म्हणजे मी यमक शोधलंच नाही, व्याकरणाने ते आपोआप दिलं. ‘वाटतो–जागतो’ची गोष्टही तीच. उखाण्यात हे चालून जातं. ‘महादेवाच्या पिंडीवर बेल वाहते वाकून’ म्हटलं की पुढे ‘मान राखून’ येणार हे मांडवातल्या सगळ्यांना आधीच माहीत असतं, आणि मजा त्यातच असते. तुझ्या माणसाला मात्र पुढचा शब्द आधी कळता कामा नये. खरं यमक म्हणजे ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही असे दोन शब्द, नुसत्या आवाजापायी शेजारी येऊन बसलेले. त्यांना शेजारी बसलेलं पाहूनच अर्धं हसू येतं.

आणि जाता जाता कानाची एक परीक्षा. ‘मन’ आणि ‘क्षण’ ही फॉरवर्ड केलेल्या चारोळ्यांची सर्वांत लाडकी जोडी, पण एकीकडे ‘न’ आहे, दुसरीकडे ‘ण’. ‘वेल’ आणि ‘वेळ’ही तसंच. ऐकणारा तुला बोलून दाखवणार नाही, पण त्याच्या मनात बारीकशी खूण पडेल.

परत खर्ड्याकडे. तिसऱ्या ओळीत एक शब्द वाया चाललाय, दिसतोय का? ‘दंड’. सगळ्या चारोळीत हा एकच शब्द खट्याळ आहे. वाचनालयाचा आहे, तुझ्या धंद्याचाही आहे, आणि त्याला मी ओळीच्या पोटात ‘दंडापोटी’ करून दडपून टाकलं. सगळ्यात चांगला शब्द ओळीच्या शेवटी आणायचा, म्हणजे यमक त्याच्यावर पडतं. आणला. आता ‘दंड’शी काय जुळतं? खंड, बंड, अखंड, प्रचंड, आणि थंड! तुझा गार चहा आपल्या पायांनी चालत आला. ‘गार’ म्हणत राहिलो असतो तर तो कधीच सापडला नसता. यमक शोधताना असा प्रतिशब्द बदलून बघायचा असतो.

(‘प्रचंड’चा मोह तुला होणार. मलाही झाला. ‘प्रेम माझं प्रचंड’ अशी ओळ सुचली. मोजली तर अक्षरं सातच. अक्षर एक कमी आणि प्रेम मात्र जास्त, म्हणून टाकून दिली.)

दुसरा खर्डा:

पुस्तकाला झाला वेळ,
सांग किती झाला दंड?
चहाने मी फेडेन तो,
मात्र नको करू थंड.

आता पहिल्या दोन ओळी जागेवर बसल्या. ‘झाला वेळ’, ‘झाला दंड’ अशी तीच कडी दोन्हीकडे एकाच ठिकाणी वाजते, तेही बरं वाटतं. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं यमक जुळलं, पहिली आणि तिसरी मोकळी. चार ओळींत तिसरी मोकळी ठेवायची युक्ती जुनी आहे. रुबाईत पहिली, दुसरी आणि चौथी जुळते, तिसरी सुटी असते. माधव ज्यूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया फारसीतून मराठीत आणल्या, त्या तुझ्या माणसाने वाचल्या असण्याची दाट शक्यता आहे. तिसऱ्या ओळीत कान यमकाची वाट बघतो, ते मिळत नाही, आणि मग चौथीत ते मिळतं तेव्हा कलाटणी लागते. चारही ओळी एकाच यमकात बांधल्या की बडबडगीत होतं.

खालच्या दोन ओळींत मात्र दोन ठिकाणी खोट आहे. ‘चहाने मी फेडेन तो’ यातला ‘तो’ केवळ आठवं अक्षर भरायला आलाय. दंड फेडायचाय हे वरच्या ओळीत कळलंच आहे. याला भरतीचा शब्द म्हणतात, आणि हे, ते, तो, गं, रे ही भरतीवाल्यांची नेहमीची मंडळी. आठ अक्षरांच्या ओळीत एक भरतीचं म्हणजे मालाचा आठवा हिस्सा भुसा. ‘तो’ काढून मी ‘च’ घातला: ‘चहानेच फेडीन मी’. अक्षरं तेवढीच राहिली, पण ‘च’ काम करतो. रोख नाही, चेक नाही, चहानेच. सी.ए. बाईच्या तोंडी हे शोभतं.

दुसरी खोट जास्त नाजूक आहे. ‘मात्र नको करू थंड’. अगं, तो चहा थंड करत नाही, तो त्याच्या हातून होतो. त्याचं वेड हेच आहे की त्याला पत्ताच नसतो. ‘करू नको’ म्हटलं की रागावल्यासारखं होतं, ‘होऊ देऊ नको’ म्हटलं की तू त्याला पाहिलं आहेस हे कळतं. तर आता:

पुस्तकाला झाला वेळ,
सांग किती झाला दंड?
चहानेच फेडीन मी,
होऊ देऊ नको थंड.

मोठ्याने वाच. पुस्तकाला / झाला वेळ / सांग किती / झाला दंड. चार-चारचे तुकडे कुठे शब्द मोडत नाहीत. ‘प्रेम’ नाही, ‘हृदय’ नाही, चंद्र तर नाहीच. नुसतं पुस्तक, दंड आणि चहा. आणि शेवटच्या ओळीत काय थंड होऊ द्यायचं नाही, ते लिहिलेलंच नाही. बहुतेक लोक चहा म्हणतील. कवितेच्या नादी लागलेला माणूस दुसऱ्यांदा वाचेल.

एक प्रश्न तू विचारलेला नाहीस, पण तो येणारच: तुम्ही एकमेकांना ‘तू’ म्हणता की अजून ‘तुम्ही’वरच आहात? अरेतुरेची पहिली उडी चारोळीत मारायची नाही. तिथे ती आगाऊपणाची वाटते. ‘तुम्ही’ असेल तर ‘सांग’चं ‘सांगा’ कर आणि ‘नको’चं ‘नका’. अक्षरं मोज, आठाची आठच राहतात. अष्टाक्षरीची ही मेहरबानी. मात्रावृत्तात असतीस तर ‘सांगा’च्या एका जादा मात्रेपायी ओळ पुन्हा बांधावी लागली असती. ‘होऊ देऊ नका थंड’ मला तर जास्तच गोड वाटतं.

त्याचं नाव मात्र त्यात गुंफू नकोस. मुलगी यमकात मुलाचं नाव घेते ते कुठे, हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. माझ्या कॉलेजात एकाने माझ्या नावाशी यमक जुळवून चार ओळी दिल्या होत्या. ओळी बऱ्या होत्या, पण वसतिगृहातल्या मुलींनी त्या मोठ्याने वाचल्या आणि शेवटी सगळ्यांनी एका सुरात ‘घास घ्या’ म्हटलं. त्या बिचाऱ्याचं पुढे काही होण्याची शक्यता तिथेच संपली, आणि खरं सांगायचं तर तो तसा वाईट नव्हता.

उखाणा आणि चारोळी यांत आणखी एक फरक आहे, तो लिहिताना उपयोगी पडेल. उखाण्यात शेवट ठरलेला असतो आणि पहिली ओळ कुठूनही उचलतात. महादेवाच्या पिंडीचा नवऱ्याशी काय संबंध? चारोळीतही शेवटची ओळ आधी सुचली तर उत्तमच, मीही ‘थंड’पासून मागे मागे आले. पण पहिली ओळ त्याच गोष्टीतली हवी. पुस्तक काढून तिथे पावसाच्या सरी घातल्यास तर दंड कुठून येणार?

पाठवायची शनिवारच्या आदल्या संध्याकाळी, म्हणजे उत्तराला दुसऱ्या दिवसाची जागा मिळते. रात्री साडेअकराला नको. त्या वेळी चारोळीचा अर्थ बदलतो. चार ओळी चार ओळींतच टाईप कर, एका दमात सलग लिहिलंस तर यमक पोटात जातं. खाली हसरा चेहरा नको, ‘सहज सुचलं’ नको, ‘कशी वाटली?’ तर नकोच नको. विनोद पाठवून माणसाने दाराआड उभं राहू नये.

उत्तर काय येईल? ‘दंड दोन कप’ असं आलं तर तुला माझी गरज नाही. ‘अहो, दंड कसला, सावकाश द्या’ असं आलं तर तो सभ्य नकार असू शकतो, किंवा त्याला कळलंच नसेल. दोन्हीत फरक ओळखायचा मार्ग एकच: शनिवारी पुस्तक परत दे आणि खरोखर चहाला विचार. तेव्हाही टाळलं तर तिथे थांब. दुसरी चारोळी पाठवू नकोस, कारण पहिली गंमत असते, दुसरी तगादा. आणि ‘बंड’ किंवा ‘खंड’ घेऊन त्याने चार ओळी उलट पाठवल्या, किंवा ‘फेडीन’ की ‘फेडेन’ यावर हुज्जत घातली, तर समज की तो कामाला लागला.

आता एक अडचण. त्याची ओळख पटू नये म्हणून तुझ्या पत्रातल्या दोन गोष्टी मी बदलून छापल्या आहेत. कुठल्या, ते तुला कळलंच असेल. शिवाय वरची चारोळी आता छापून आली, आणि कविता वाचणारी माणसं सल्ल्याची सदरंही चोरून वाचतात. तेव्हा ती तुला जशीच्या तशी वापरता येणार नाही. उद्या त्याने ‘तुम्हीच लिहिली?’ विचारलं तर ‘हो’ म्हणता आलं पाहिजे, तेही खालमानेने नव्हे.

बसच्या तिकिटाला मात्र मी हात लावलेला नाही. पुण्यात निम्म्या जुन्या पुस्तकांत एक सापडतंच, त्यावरून कुणी कुणाला ओळखणार नाही. तर त्याच्यापासून सुरू कर. ‘तिकीट’शी जुळतात नीट, वीट आणि धीट. ‘पीठ’ आणि ‘मीठ’ घेऊ नकोस, तिथे ‘ठ’ आहे. दोन ओळी मी देते. दुसरीचा ठेका जरासा अडखळतो, चार-चारला ‘बसचं’ मधेच मोडतं. ते तुला सुधारायला ठेवलंय. खालच्या दोन तुझ्या.

पुस्तकात सापडलं
जुनं बसचं तिकीट;
…………………
………………… धीट.

— ताई